दारापलीकडचा उजेड

"एकटेपणा दाखवायचा तर फ्रेम निळी करायची आणि घरची ऊब दाखवायची तर पिवळी, एवढंच ना ताई?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मीही आधी तेवढंच केलं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या मावशीच्या जुन्या घरात दीड मिनिटाची क्लिप करत होतो. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलाय आणि संध्याकाळी मावशी सवयीनं दोन कप चहा टाकते, एवढीच गोष्ट. दुपारी ट्यूबलाइटच्या उजेडात शूट उरकलं आणि एडिटिंगला बसल्यावर स्लायडर सरळ निळ्याकडे ओढलं. मावशीनं क्लिप पाहिली आणि विचारलं, "मी आजारी होती का गं यात?"

तिचं बरोबर होतं. निळा रंग सगळ्या फ्रेमवर सारखा चढवला की आधी कातडीतला लालसरपणा जातो. ओठ राखाडी दिसायला लागतात, गाल मेणाचे वाटतात. शिवाय डोळा त्या निळ्याला फार लवकर सरावतो. निळसर झालेल्या भिंतीला आपण मनातल्या मनात पांढरीच धरून चालतो, कारण ताडून पाहायला शेजारी दुसरा रंग नसतो. माणूस थंड उजेडात बसलाय आणि ऊब त्याच्याच घरात आहे, पण चार पावलं पलीकडे, असं दिसलं की एकटेपणा सांगावा लागत नाही.

म्हणून डिसेंबरात पुन्हा शूट केलं. तेव्हा नागपुरात साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो आणि त्यानंतर खिडकीतून आकाशाचा निळा उजेड येत राहतो. घरातल्या ट्यूबलाइट सगळ्या बंद केल्या. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तर पिवळट, मोठा तर निळसर. आपल्या घरांतल्या बऱ्याच ट्यूब ६५०० केल्विनच्या असतात. त्यांचा उजेड त्या निळ्याच्या फार जवळचा, त्यामुळे फरकच उरत नाही. फक्त स्वयंपाकघरात २७०० केल्विनचा पिवळट बल्ब लावला. हा आकडा बल्बच्या खोक्यावरच छापलेला असतो. मावशी बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणि तिच्या मागे स्वयंपाकघराचं उजळलेलं दार, अशी फ्रेम लावली.

यात खरं काम व्हाइट बॅलन्सचं आहे. तिथे आकडा टाकता तेव्हा तुम्ही कॅमेऱ्याला सांगता, एवढ्या केल्विनचा उजेड पांढरा समज. मी ४००० ठेवला. बल्ब त्याच्या खाली, म्हणून तो नारिंगी दिसला. मावळतीनंतरचं आकाश त्याच्या बरंच वर, म्हणून खिडकी निळी. एडिटिंगमध्ये फारसं काही करावं लागलं नाही. मोबाइलवर शूट करत असाल तर प्रो मोडमध्ये जाऊन हा आकडा बांधून टाका. ऑटोवर ठेवलंत तर माणूस एका उजेडातून दुसऱ्यात गेला की कॅमेरा रंग "सुधारतो" आणि तुम्ही मांडलेलं सगळं पुसून टाकतो. शॉट चालू असताना भिंतीचा रंग हळूच सरकताना दिसला की समजा, ऑटो चालू राहिलाय. शटर स्पीडही १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी न जुळणारं काही ठेवलं तर स्वस्त बल्ब लुकलुकताना दिसू शकतो.

खिडकी आणि बल्ब एकमेकांना तोलून धरतात ती वेळ मात्र जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची. त्याआधी बल्ब फिका पडतो, त्यानंतर खिडकी काळी होते. आम्हाला तीनच टेक मिळाले.

शेवटच्या शॉटमध्ये शेजारची मुलगी हाक मारत आत येते आणि मावशी उठून तिच्यासोबत स्वयंपाकघराकडे जाते. दारात पोचताच आधी कान, मग गाल, मग कपाळ नारिंगी होत जातं. पाठीवरचा पदर अजून निळाच असतो. सेटिंग कुठेच बदललेली नाही, मावशी फक्त चार पावलं चालली आहे. संगीत टाकायचं ठरलं होतं, ते मी काढून टाकलं.

पण हेच गणित मे महिन्यात चालवू नका. मी एकदा चालवलं. घरची माया दाखवायची म्हणून दुपारच्या जेवणाचा प्रसंग सोनेरी केला, आणि पाहणाऱ्या नागपूरकरांना घामच फुटला. ४५ अंशांत पिवळा उजेड म्हणजे बाहेरचं ऊन. तेव्हा जिवाला बरं वाटतं ते पडदे ओढलेल्या खोलीत, कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर. तो प्रसंग मी पुन्हा हिरवट-निळा केला. चेहरे तेवढे निवडून त्यांचा लालसरपणा राखला आणि पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची एक पट्टी फरशीवर तशीच पांढरी-पिवळी, डोळ्यांना खुपेल अशी ठेवली. ताटं त्या पट्टीपासून हातभर लांब मांडली होती.