शेजारी बादली भरतेय, आपला नळ कोरडा

सकाळी नळ उघडला. दोन सेकंद जोरात पाणी आलं, मग धार बारीक होत थेंबांवर आली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बादली मात्र भरत होती.

ते पहिले दोन सेकंद डोक्यातून जाईनात. बिघाडाचा पत्ता त्यातच असतो. नळ बंद असताना अडथळ्यातून पाणी हळूहळू झिरपतं आणि पाइपात दाब साठतो. नळ उघडला की तो लगेच संपतो. म्हणजे वाट पूर्ण बंद नाही, तुंबली आहे. रस्त्यातली लाइन दुरुस्त झाल्यावर सुटलेली रेती आणि गंज बहुतेकदा मीटरजवळच्या गाळणीत अडकतात.

आधी स्टॉपकॉक, म्हणजे घराचं पाणी बंद करायची मुख्य चावी, पूर्ण उघडा आहे ना, ते पाहा. मग तो बंद करून गाळणीचं झाकण पान्याने सोडवा आणि जाळी जुन्या टूथब्रशने धुवा. झाकण लावण्याआधी खाली बादली धरून स्टॉपकॉक थोडा उघडा. पाणी जोरात आलं, तर दोष जाळीतच होता. वायसर नीट बसवून झाकण लावा.

तिथेही पाणी जोरात येत नसेल, तर स्टॉपकॉकचा दांडा तपासा. तो कुठेही न अडता फिरतच राहिला, तर आतली झडप तुटून खाली पडलेली असते. उघडल्यासारखं वाटतं, पण वाट जवळजवळ बंदच.

दांडा ठीक असेल, तर अडथळा रस्त्याकडच्या जोडणीत. ते काम पाणीपुरवठा खात्याचं. मीटरचं सीलही तोडू नका.

तुमच्या घरचा स्टॉपकॉक शेवटचा कधी फिरवलात?