दाभोळची खाडी ओलांडून पारडं बघायला: टोणगा वाढवावा का, आणि विकावा कधी?

दापोलीहून दाभोळला आलात की फेरीबोट धोपाव्याला सोडते आणि तिथून गुहागर तालुका सुरू होतो. बहुतेक लोक या वाटेने समुद्र बघायला जातात. आम्ही गेलो ते म्हशीची नर वासरं बघायला. आमच्याकडे दुधाच्या म्हशी आहेत आणि दर वर्षी टोणगा झाला की घरात तोच प्रश्न उभा राहतो. धोपाव्याच्या पुढच्या एका वाडीत एक काका ती वासरं मुद्दाम वाढवून विकतात, असं कानावर होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं म्हशीच्या वासरांबद्दल आहे. गाईचा खोंड मांसासाठी विकायची वाट महाराष्ट्रात 2015 पासून बंद आहे, बैलसुद्धा त्यात आला. जर्सी किंवा एचएफचा संकरित खोंड नांगरालाही फारसा चालत नाही: वशिंड बसकं असल्याने जू नीट टेकत नाही आणि उन्हात तो लगेच धापा टाकतो. म्हणून हिशेब करण्यासारखा उरतो तो टोणगाच.

काकांच्या गोठ्यात शिरल्यावर पहिली दाखवली ती शेणाची जागा. दोन पारडी शेजारी बांधलेली, सारख्याच वयाची. एकाचं शेण पिवळसर आणि बांधलेलं. दुसऱ्याचं मातकट, पातळ आणि आंबूस घाण वासाचं, पोट नगाऱ्यासारखं, केस उभे. "हे काल बाजूच्या वाडीतून आणलंय, भाऊ. पोटात जंत. अजून पंधरा दिवस असंच ठेवलं असतं तर गेलं असतं." म्हशीच्या पारड्याला गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी ते टळत नाहीत. साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवशी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध पाजायचं आणि पुढे सांगतील तसं पुन्हा द्यायचं, एवढाच उपाय. टोणग्यांकडे कोणी बघत नाही, म्हणून ते जास्त मरतात.

दुसरं मारणारं म्हणजे पेज. दूध साठ रुपये लिटरने जातं, मग टोणग्याला भाताची पेज पाजली जाते. पहिल्या दीड महिन्यात पारड्याला तांदळाचं पीठूळ पचवताच येत नाही. ते पोटात आंबतं, हगवण लागते आणि लोक म्हणतात, थंडी बाधली. काकांचा नियम असा: जन्मल्यावर तासाभरात चीक, पहिले तीन दिवस पोटभर, मग दोन महिने रोज सुमारे दोन लिटर दूध, आणि दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर तोंडाला लावायचा. दूध यापेक्षा जास्त मिळालं तर वाढ नक्कीच चांगली होईल, पण मग पैसे सुटत नाहीत.

पुढची गोष्ट कोकणातल्यांनी नीट ऐकावी. आमच्याकडे म्हशी बऱ्याचशा पावसाच्या शेवटी वितात. म्हणजे सप्टेंबरचं पारडू मार्चपर्यंत सहा महिन्यांचं होतं आणि नेमकं तेव्हाच वरकसावरचं गवत वाळून कडक झालेलं असतं. मग उडवीतला पेंढा. नुसत्या पेंढ्यावर जनावर जगतं, वाढत नाही. त्यात फॉस्फरस कमी, आपल्या लाल मातीतही तो कमीच, म्हणून पारडी माती चाटतात, हाडं चघळतात. क्षारमिश्रण आणि मीठ टाळू नका. पेंढा सुधारायचा असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि प्लास्टिकखाली तीन आठवडे घट्ट झाकून ठेवायचा. सहा महिन्यांखालच्या पारड्याला तो अजिबात देऊ नये. पावसाआधी मे महिन्यात घटसर्पाची लस चुकवू नका. म्हशीला तो रोग पटकन धरतो आणि दोन दिवसांत जनावर संपतं.

काकांनी वही उघडली. पंधरा महिन्यांपर्यंत एका टोणग्यावर दूध 7,200, स्टार्टर 3,500, पहिल्या उन्हाळ्यातला कोंडा-पेंड आणि पेंढा 2,600, पावसाळ्यात चरून आल्यावरचा थोडा खुराक 2,300 आणि औषधं 800. एकूण 16,400 रुपये, मजुरी न धरता. वजन बघायला काटा लागत नाही. त्यांनी टेप काढला, छातीचा घेर 53 इंच आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 44 इंच भरली. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. उत्तर आलं 187 किलो. किलोला 110 रुपये धरले तर साडेवीस हजार, म्हणजे चार हजार सुटले.

"मग आणखी वर्षभर ठेवलं तर?" मी विचारलं.

त्यांनी मागचा हिशेब दाखवला. सव्वीस महिन्यांचा टोणगा 310 किलोचा, 34,100 रुपयांना गेला. पण मधल्या काळात खुराक, पेंढा, औषध मिळून 12,600 खर्च झाला होता. वजन 123 किलो वाढलं, हातात जास्त राहिले ते हजाराच्या आत. दुसरा उन्हाळा सगळं खाऊन जातो. म्हणून ते पहिला पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, गवतावर भरलेलं जनावर विकतात. ज्याच्याकडे घरचं गवत भरपूर आहे त्याचा हिशेब वेगळा येईल, हे मान्य. भाव तुमच्या बाजारातलाच घाला.

पण या वयाला गिऱ्हाईक खाटीकच असेल असं धरून चालू नका. म्हैस आणि म्हशीचं वासरू यांच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि जनावर शेतीकामाला उपयोगी पडण्यासारखं असेल तर तो मिळत नाही. काकांचे बरेच टोणगे पुढे वाढवणाऱ्याकडे किंवा नांगराला जातात.

नांगराला द्यायचा तर आणखी थांबावं लागतं. वर्ष-दीड वर्षाचा असताना डॉक्टरांकडून खच्चीकरण आणि वेसण, दोन-अडीच वर्षांनी जुन्या रेड्याच्या जोडीला जुंपून शिकवणी, तिसऱ्या वर्षी चिखलणी. भाताच्या खोल चिखलात रेडा बैलापेक्षा बरा ओढतो. अकरा ते चार मात्र सोडून पाण्यात बसवायचा, कारण काळ्या कातडीला ऊन सोसत नाही. गिऱ्हाईकही जोडीला मिळतं, एकट्याला नाही. त्यामुळे उंची-अंगाने जुळणारा दुसरा आधीच बघून ठेवा, आणि गावात पॉवर टिलर किती झाले ते मोजून मगच या वाटेला जा.

पाहायला जायचं तर नोव्हेंबरात जा, टेप खिशात ठेवा आणि पारडू घेण्याआधी शेण बघा. कानात बिल्ला नसेल तर व्यवहार करू नका, आणि टेम्पोत चढवण्याआधी पशुवैद्यकीय दाखला व विक्रीची पावती हातात घ्या.