पोह्यात शेंगदाणे नकोत

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भाच्याने घरच्या ग्रुपवर ते चित्र टाकलं. टेबल मांडून, हातात कॉफीचा मग घेऊन निवांत बसलेला तो माणूस, आणि टेबलापुढच्या पाटीवर, ‘पोह्यात शेंगदाणे नकोत. चेंज माय माइंड.’

पाच मिनिटांत पेटलं. मावशीने विचारलं, “मग काय खडे घालू?” नागपूरच्या वहिनीने तर्री पोह्यांचा फोटो टाकून विषयच पळवला. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्याला सांगा, पुढच्या वेळी ठाण्याला आलास की उपमा मिळेल.”

तो माणूस म्हणजे स्टीव्हन क्राउडर, अमेरिकेतला उजव्या विचारांचा भाष्यकार. फेब्रुवारी २०१८मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यापीठापाशी तो असाच बसला होता. पुरुषांना विशेष सवलती मिळतात हे थोतांड आहे, अशी त्याची मूळ पाटी. पटत नसेल तर या, वाद घाला. लोकांनी वरची ओळ पुसली, खालची तेवढी ठेवली आणि जो तो तिथे आपापले पोहे लिहायला लागला. खालची ओळ म्हणते, माझं मत बदला. हातातला मग म्हणतो, बघू कसं बदलता ते!

मीही एक करून पाहिलं. ‘चहाबरोबर खारीच, टोस्ट नाही.’ पाटी तिरकी आहे, त्यामुळे सरळ अक्षरं वरून चिकटवल्यासारखी दिसतात. ती फिरवावी तर वेलांट्या पाटीबाहेर जातात. अर्धा तास मोडला. उत्तरादाखल फक्त मामांचा अंगठा आला. टोस्टच्या बाजूने घरात कोणी नव्हतंच, मग भांडणार कोण?

आमच्या नौपाड्याच्या चाळीत आजोबांना पाटी लागत नसे. संध्याकाळी ओट्यावर आरामखुर्ची टाकायची, बशीत चहा ओतायचा आणि जाहीर करायचं, “पाऊस सात जूनलाच येतो.” समोरच्या खोलीतले काका हातातला पेपर खाली ठेवून यायचे. वेधशाळा, केरळ, मागच्या वर्षीचा कोरडा जून, सगळं काढायचे. आजोबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “तो पावसाचा दोष.” आम्ही पोरं पायरीवर बसून दोघांचा चहा कधी संपतो याची वाट बघायचो, कारण बशीतला शेवटचा घोट आमचा असे.

पुढे काका मुलाकडे बदलापूरला राहायला गेले. त्या वर्षी सात जून कोरडाच गेला. आजोबा ओट्यावर बसले, चहा प्यायले आणि काहीच बोलले नाहीत. समोरच्या खोलीला कुलूप होतं.