आजींना ऐकू न आलेलं नाव

दुकानांच्या पाट्या करणं हा माझा व्यवसाय. नाव बहुतेक वेळा मालकच ठरवून आणतात, मी ते फक्त बोर्डावर बसवते. पण ज्या दुकानाचं गिऱ्हाईक चालत चालत येणारं असतं, मूल निरोप घेऊन येतं, म्हातारी माणसं फोनवर सामान सांगतात, तिथे मी एक दिवस मागून घेते. त्या दिवसात नाव तपासायचं आणि मगच पत्रा कापायला टाकायचा. किराणा दुकानाच्या एका मालकांनी मला असा दिवस दिला, तो मी विसरणार नाही.

त्यांनी ठरवलेलं नाव होतं ‘समृद्धी सुपर स्टोअर्स’. समृद्धी म्हणजे त्यांची नऊ वर्षांची मुलगी. दुकान एका गल्लीच्या कोपऱ्यावर, बोर्डाची जागा २४० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच. उद्घाटनाला बारा दिवस उरले होते.

पहिली तपासणी मी फोनवर करते. रस्त्यावर, रहदारीच्या आवाजात उभं राहून साठीच्या पुढच्या माणसांना फोन लावायचा, नाव एकदाच सांगायचं आणि त्यांना ते परत म्हणायला लावायचं. मालकांनी ओळखीतले सहा नंबर दिले. पहिला नंबर त्यांच्याच आईंचा, वय अठ्ठ्याहत्तर. स्पीकर चालू ठेवला. मी म्हटलं, “आजी, समृद्धी सुपर स्टोअर्समधून बोलतेय.” पलीकडे क्षणभर शांतता. मग आजींचा आवाज एकदम चढला, “समृद्धी? काय झालं तिला? कुठून बोलताय तुम्ही?”

मालकांनी घाईघाईने फोन हातात घेतला आणि त्यांना समजावलं. पण त्यांचा चेहरा उतरला होता. ज्या नातीचं नाव आजी दिवसात दहा वेळा घेतात, तेच नाव दुकानाचं म्हणून त्यांच्या कानात शिरलं नाही. ‘सुपर स्टोअर्स’ हा भाग तर त्यांनी ऐकलाच नव्हता.

असं का होतं ते मी तिथेच त्यांना सांगितलं. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. वर साधी फोनलाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते, आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो. म्हणजे ‘समृद्धी सुपर स्टोअर्स’ यातले चारही स तारेतच अर्धे गळतात आणि उरलेले अर्धे म्हाताऱ्या कानात. सहापैकी दोघांनीच पूर्ण नाव परत सांगितलं. एकांना ते ‘प्रसिद्धी’ ऐकू आलं, दुसऱ्यांनी ‘सिद्धी’ म्हटलं.

दुसरी अडचण कानाची नाही, स्मरणाची. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवले होते. चेहऱ्याबरोबर आडनाव किंवा व्यवसाय सांगायचा, आणि काही शब्द असे निवडलेले की ते दोन्हीकडे चालतील, जसं इंग्रजीतलं ‘बेकर’. शब्द तोच, पण व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा जास्त आठवला, आडनाव म्हणून सांगितला तेव्हा कमी. कारण व्यवसाय म्हटला की भट्टी, पीठ, कपडे असं चित्र उभं राहतं आणि शब्दाला धरायला काहीतरी मिळतं. आडनाव नुसतं चिकटवलेलं लेबल असतं. ‘समृद्धी’ तर लेबलही आणि वर भाववाचक. डोळे मिटून समृद्धी बघा म्हटलं तर प्रत्येकाला वेगळं काही दिसेल, नाहीतर काहीच दिसणार नाही.

हे सगळं ऐकून मालक म्हणाले, “ताई, पण मी तिच्यासाठीच हे दुकान टाकतोय.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधलंही नाही. पुढची तपासणी पाहू, एवढंच म्हटलं.

ती टायपिंगची. शेजारच्या पाच तरुण मुलांना नाव नुसतं ऐकवलं आणि मोबाइलवर शोधायचं असेल तर कसं टाइप कराल ते लिहून मागितलं. Samruddhi, Samrudhi, Samriddhi, Samridhi. पाच जणांत चार स्पेलिंगं. शोधणारी यंत्रणा जवळपासची स्पेलिंगं जुळवून घेते, हे खरं. पण आम्ही नकाशावर ते नाव टाकून पाहिलं तेव्हा दुसरीच एक समृद्धी वर आली, मग तिसरी, आणि त्यांतली एक तर कपड्यांची. हे नाव इतक्या जणांनी घेतलंय की ते एका दरवाजाकडे बोट दाखवू शकत नाही.

मग मी नावाचा विषय बाजूला ठेवला आणि मालकांना घेऊन गल्लीत उतरले. नवं नाव हवं असेल तेव्हा मी आधी शब्द शोधत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, “ते नवं दुकान होतंय ना, तिथे तुमच्या पाहुण्याला पाठवायचं असेल तर काय सांगाल?” माणसं रस्ता सांगताना जे बोलतात त्यात नाव जवळजवळ तयार असतं. एक बाई म्हणाल्या, “तो अंधारा कोपरा आहे ना, तिथेच.” एका रिक्षावाल्याने तेच सांगितलं. शाळेतून येणाऱ्या दोन मुलांनीही. त्या वळणावर रस्त्याचा दिवा नव्हता आणि संध्याकाळी तिथून लोक झपझप पुढे निघून जात.

परत येऊन आम्ही एका कागदावर ज्यांचं चित्र काढता येईल अशा वस्तू लिहायला बसलो. हत्ती लिहिला, पण माझ्या मदतनीसाने खेळण्यांचं दुकान वाटेल म्हणून खोडला. मालकांनी ‘घंटा’ सुचवलं. चित्र सोपं, लहानांना माहीत, थोरांना प्रिय. मदतनीस चोवीस वर्षांचा, तो एकदम म्हणाला, “नको, आमच्या वयाची मुलं हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतात.” हे मला किंवा मालकांना सुचलं नसतं. म्हणून नाव ठरवताना मी खोलीत एक तरी विशी-पंचविशीचं माणूस ठेवतेच. ‘दिवा’ चांगला होता, पण दोन अक्षरांत संपतो आणि फोनवर ‘जीवा’, ‘शिवा’ होऊन जातो.

कंदील कोणी सुचवला ते आता खरंच आठवत नाही. पण तो शब्द उच्चारला आणि अंधाऱ्या कोपऱ्याची गोष्ट आपोआप त्याला येऊन मिळाली. मी पुढे ‘किराणा’ लावलं, कारण नुसतं कंदील म्हटलं तर विजेच्या सामानाचं दुकान समजतील. कंदील किराणा. दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे, दोन्ही क ने सुरू होणारे, कुठे जोडाक्षर नाही, कुठे स नाही. उद्या महापालिकेने तिथे दिवा बसवला तरी बिघडत नाही, कारण कंदील आमच्याच दारावर टांगलेला असणार. झाडाचं किंवा शेजारच्या इमारतीचं नाव घेतलं की ही खात्री नसते.

त्याच सहा जणांना दुपारी परत फोन केले, तर ते सावध झालेले असणार. म्हणून दुसरे सहा नंबर मिळवले. पाच जणांनी नाव बिनचूक परत सांगितलं. सहाव्यांनी विचारलं, “कंदील? दिवा असतो तो?” हे मला बिनचूक उत्तराहूनही मोलाचं वाटलं. कानाने अर्धवट पकडलेला शब्द त्यांनी अर्थाने जुळवून घेतला होता. समृद्धीच्या बाबतीत ही सोयच नव्हती.

टायपिंगमध्ये Kandil आणि Kandeel अशी दोन स्पेलिंगं आली. आम्ही Kandil निवडलं, कारण पाचांतल्या चौघांनी तेच लिहिलं होतं. तेच बोर्डाच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत, तेच गूगल मॅपवर. मालकांना तिथे नावापुढे ‘बेस्ट’, ‘होम डिलिव्हरी’ असे शब्द जोडायचे होते. ते तिथल्या नियमांत बसत नाही. बोर्डावर जे नाव आहे तेच लावायचं आणि किराणा हा प्रकार वेगळ्या रकान्यात निवडायचा. मोबाइलवरून पैसे भरताना दिसणारं नावही बदलून घ्या म्हटलं, कारण म्हातारी माणसं पैसे पाठवण्याआधी ते वाचतात आणि वेगळं दिसलं की थांबतात.

बोर्डाचं गणित मी जमिनीवर खडूने आखून दाखवलं. ‘समृद्धी सुपर स्टोअर्स’ एका ओळीत बसवायचं तर अक्षराची मूळ उंची, म्हणजे शिरोरेषेपासून खालपर्यंत, मात्रा सोडून, १९ सेंटिमीटरच्या पुढे जात नव्हती. त्यातही ‘द्धी’मध्ये दोन अक्षरं एकमेकांत अडकलेली, त्यामुळे लांबून तिथे काळा ठिपका दिसतो. कंदीलसाठी मला ३० सेंटिमीटर मिळाले, डावीकडे चित्र आणि उजवीकडे लहान अक्षरांत किराणा धरूनही. आमच्या धंद्यात ढोबळ हिशोब असा की १० सेंटिमीटरचं अक्षर साधारण १२ मीटरवरून सहज वाचता येतं. म्हणजे २३ मीटरवरून दिसणारं दुकान आता ३६ मीटरवरून दिसणार होतं. जोडीला भिंतीला काटकोनात निघणारा एक गोल बोर्ड हवाच, त्यावर नुसता कंदील. भिंतीला चिकटलेली पाटी समोरून येणाऱ्याला दिसते, भिंतीच्या कडेने चालत येणाऱ्याला ती अजिबात दिसत नाही, आणि किराण्याचं गिऱ्हाईक नेमकं कडेनेच येतं.

मालक खडूच्या रेघांकडे बघत बराच वेळ उभे होते. त्यांना बोर्डावर कुठेतरी, अगदी लहान का होईना, समृद्धी हवं होतं. मी नको म्हटलं. दोन नावं लावली की माणसं दोन्ही अर्धी लक्षात ठेवतात. हे सांगणं मला जड गेलं, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. काय चाललंय ते तिने ऐकून घेतलं आणि माझा खडू मागितला. तिने जमिनीवर कंदील काढला. वर मोठी गोल कडी, पोट जरा जास्तच फुगलेलं, आत एकच ज्योत. मी सकाळपासून कागदावर तीन कंदील काढले होते, सगळ्यांत जाळी, काचेच्या कडा, बारीक रेघा. तिच्या कंदिलात सात रेघा होत्या आणि तो गल्लीच्या टोकावरूनही कंदीलच दिसत होता. हे मी उगाच म्हणत नाही. मदतनीसाला तिकडे उभं करून विचारलं.

मी त्या चित्राचा फोटो काढला, मोजमापं घेतली, कडी तेवढी थोडी जाड केली. बाकी तिने काढलं तसंच कापायला टाकलं.

बोर्ड लागला त्या संध्याकाळी आत दिवा लावून आम्ही रस्त्यापलीकडे उभे राहिलो. मालकांनी आईंना फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाले, “कंदील किराणामधून बोलतोय.”

“हां,” आजी म्हणाल्या, “लिहून घे, काय काय पाठवायचं ते सांगते.”