चार फेऱ्या आणि मधले दिवस

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या कंपनीत पाइपिंग डिझाइन इंजिनिअरची एक जागा निघाली होती. भरतीचं काम माझ्याकडे. सोमवारी, ६ जानेवारीला एका मुलीचा अर्ज आला. राहणारी दांडिया बाजारची, अनुभव पाच वर्षांचा, नोटीस पिरियड ६० दिवसांचा. गुरुवारी सकाळी तिची मेल आली. विषयाच्या ओळीत जागेचा कोड आणि तिचं नाव, आत जेमतेम पाच ओळी: सोमवारी अर्ज केलाय, या जागेसाठी साधारण किती फेऱ्या असतात आणि पहिल्या फेरीपासून ऑफर लेटरपर्यंत अंदाजे किती आठवडे जातात ते कळलं तर बरं होईल, सध्या मला ६० दिवसांची नोटीस आहे, त्यानुसार आखणी करता येईल. खाली फोन नंबर. बस.

वेळ नेमकी साधली होती. अर्ज केल्यावर दोन तासांत असा प्रश्न येतो तेव्हा आम्ही बायोडेटा उघडलेलासुद्धा नसतो, मग उत्तर जातं ते ठोकळेबाज. पंधरा दिवसांनी विचारलं तर पहिल्या मुलाखतींच्या तारखा लागून गेलेल्या असतात. तिसऱ्या-चौथ्या कामाच्या दिवशी यादी टेबलावर असते आणि तारखा अजून हलवता येतात. शिवाय तिने विचारलं भरती बघणाऱ्या माणसाला. काही जण थेट डिझाइन हेडला मेसेज टाकतात. ते बिचारे तो मलाच पुढे पाठवतात, वर एक वैतागलेली ओळ जोडून.

उत्तर लिहायला बसल्यावर माझीच पंचाईत झाली. माझ्या डोक्यात तीन फेऱ्या होत्या: माझा फोन, तांत्रिक मुलाखत आणि संचालकांची भेट. खात्री करायला डिझाइन हेडना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘अहो, या वेळी लेखी चाचणी ठेवलीय ना, नव्वद मिनिटांची. मागच्या वेळचा मुलगा मुलाखतीत छान बोलला आणि ड्रॉइंग हातात दिलं तर गडबडला.’’ म्हणजे फेऱ्या चार. संचालकांच्या सेक्रेटरीने सांगितलं, साहेब २७ तारखेपर्यंत मुंबईत. त्यात १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण. त्या दोन दिवसांत बडोद्यात माणसं पतंग घेऊन गच्चीवर असतात, फोन कोणी उचलत नाही.

एवढं कळल्यावर लक्षात आलं की तिचे प्रश्न दोन होते आणि त्यांची उत्तरंही दोन जातींची होती. फेऱ्या मोजून सांगता येतात. वेळ तशी सांगता येत नाही, कारण ती फेऱ्यांत जात नाही, फेऱ्यांच्या मधे जाते. आमच्या चार फेऱ्यांचा प्रत्यक्ष वेळ धरला तर साडेतीन तास भरत नाही: फोन २० मिनिटं, चाचणी ९० मिनिटं, तांत्रिक मुलाखत तासभर, संचालक अर्धा तास. बाकी सगळं थांबणं. त्यातलं एक थांबणं तर शेवटच्या मुलाखतीनंतरचं असतं, आणि ते उमेदवाराला दिसत नाही. पगाराचा आकडा फायनान्सकडे जातो, तिथून मंजुरी येते, मगच लेटर छापलं जातं. आमच्याकडे यात तीन ते पाच कामाचे दिवस जातात. म्हणून ‘किती इंटरव्ह्यू’ एवढंच न विचारता ‘ऑफर लेटरपर्यंत’ असं विचारलेलं बरं. तिने तसंच विचारलं होतं.

शुक्रवारी मी कळवलं: फेऱ्या चार, चाचणी आणि तांत्रिक मुलाखत ऑफिसमध्ये, एकूण तीन ते पाच आठवडे, अडचण संचालकांच्या तारखेची. तासाभरात तिचा फोन आला. ‘‘मॅडम, आधीच सांगून ठेवते. हालोलच्या एका कंपनीत माझी शेवटची फेरी झालीय. पुढच्या आठवड्यात लेटर येईल असं वाटतंय. तुमच्याकडे काही पुढेमागे करता येईल का?’’ हे धमकीच्या सुरात आलं असतं तर मी ‘बघू’ म्हणून सोडून दिलं असतं. तिने तारीख सांगितली आणि विचारलं, एवढंच.

मग क्रम हलवला. माझी फोनवरची फेरी शनिवारी ११ तारखेला उरकली. चाचणी आणि तांत्रिक मुलाखत गुरुवारी १६ तारखेला एकाच दिवशी लावली, नाहीतर मधे आठवडा गेला असता. चाचणीत सहा इंची लाइनचं आयसोमेट्रिक ड्रॉइंग होतं, त्यावरून सामानाची यादी काढायची. त्यात एक गेट व्हॉल्व्ह, दोन्ही टोकांना फ्लँजचा जोड, म्हणजे प्रत्येक टोकाला व्हॉल्व्हचा एक फ्लँज आणि पाइपचा एक. बरेच जण फ्लँज मोजतात आणि चार गॅस्केट लिहितात. गॅस्केट दोन फ्लँजच्या मधे बसतं, जोडाला एक लागतं, म्हणून दोन. तिने दोन लिहिली आणि क्लास १५० धरून जोडाला आठ याप्रमाणे सोळा स्टड बोल्टही मांडले. डिझाइन हेडनी पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘हिला हातची जाऊ देऊ नका.’’

शुक्रवारी १७ तारखेला हालोलचं लेटर तिच्या हातात पडलं, उत्तराची मुदत सात दिवस, म्हणजे २४ तारीख. आमचे संचालक २७च्या आधी येणार नव्हते. त्यांची फेरी बुधवारी २२ला व्हिडिओवर घेतली, पंचवीस मिनिटांत आटोपली. त्यांनी हो म्हटलं, पण फायनान्सची सही शुक्रवारपर्यंत काही होईना. तोंडी ‘तुमचं पक्कं झालंय’ असं सांगण्याचा मोह होतो आणि पुष्कळ जण सांगतातही. मी नाही सांगितलं. आकडा मंजूर होईपर्यंत काहीच पक्कं नसतं, आणि अशा शब्दावर हातातलं लेटर सोडणारा माणूस पुरता अडकतो.

तिला मात्र पाच आठवड्यांपर्यंतचा अंदाज पहिल्यापासून माहीत होता. त्यामुळे ती शेवटच्या दिवसापर्यंत थांबली नाही. मंगळवारीच तिने हालोलवाल्यांकडे सोमवारपर्यंतची मुदत मागितली आणि त्यांनी दिली. मुदत संपायच्या दिवशी संध्याकाळी मागणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. तोवर पुढच्या उमेदवाराला फोन गेलेला असतो.

कंपनीचं उत्तर कसं वाचायचं, तेही सांगते. फेऱ्यांचा आकडा आणि आठवड्यांचा अंदाज आला, भले तीन ते पाच असा सैल का असेना, तर जागा खरी आणि काम चालू आहे असं धरायला हरकत नाही. ‘प्रोफाइल प्रोसेसमध्ये आहे, कळवू’ एवढंच आलं तर बहुधा जागेला मंजुरी मिळालेली नसते, किंवा आतला कोणी आधीच ठरलेला असतो. अशा ठिकाणी आठवड्याने एकदा विचारावं आणि बाकीचे अर्ज चालू ठेवावेत. रोज फोन करून उपयोग नाही, कारण तो उचलणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि ‘दिवस’ म्हणजे कामाचे की कॅलेंडरचे, हे विचारून घ्यावं. आमचे दहा कामाचे दिवस उत्तरायणात सहज पंधरा होतात.

आमचं लेटर सोमवारी २७ला दुपारी चार वाजता निघालं. साडेपाचला तिची होकाराची मेल आली, त्याआधी तिने हालोलला नकार कळवला होता. नोटीस पुरी करून १ एप्रिलला ती रुजू झाली. त्यानंतर अर्जाच्या पोच-मेलमध्ये मी दोन ओळी वाढवल्या, फेऱ्या किती आणि आठवडे किती. डिझाइन हेडनी चाचणीत बदल केला तर त्यांनी आधी मला कळवायचं, असंही ठरलं. ते अजून दर वेळी विसरतात.