शेंडीवाला एक आणि पट्टेवाला सात: आकडे ओळखायच्या प्रोजेक्टचा अपडेट

तर मंडळी, मागच्या वेळी सांगितलेलं की एमनिस्ट नावाच्या हस्तलिखित आकड्यांच्या तयार संग्रहावर छोटं मॉडेल शिकवून झालंय आणि टेस्टवर मस्त चालतंय, आता हाताने लिहिलेले खरे कागद देऊन बघतो. दिले. तोंडावर आपटलो. (एक आणि सात म्हणजे इथे इंग्रजी आकडेच, आपले देवनागरी १ आणि ७ एकमेकांसारखे दिसतच नाहीत, आपल्याला हा त्रासच नाही.)

झालं असं, की मामेबहीण श्टुटगार्टला असते, तिला म्हटलं तुझ्या ऑफिसातल्या जर्मन लोकांकडून दोन पिनकोड लिहून घे, 10117 आणि 70173. पहिला बर्लिनचा, दुसरा श्टुटगार्टचा, आणि दोन्हीत मिळून प्रत्येकाकडून चार एक आणि तीन सात मिळतात. तिने नऊ जणांना पकडलं, म्हणजे ३६ एक आणि २७ सात. त्या ३६ मधले १५ एक माझ्या मॉडेलने बिनधास्त सात म्हणून सांगितले, आणि तेही अगदी ठामपणे.

कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. एमनिस्टमधले आकडे अमेरिकेतल्या जनगणना खात्याच्या लोकांनी आणि तिथल्या हायस्कूलच्या पोरांनी लिहिलेले आहेत. मी त्यातले एकाचे काही शे नमुने उघडून बघत बसलो, जवळपास सगळे नुसती काठी, कुणाची उभी कुणाची तिरकी. जर्मन माणूस मात्र एक लिहिताना पेन खालून सुरू करतो, डावीकडून तिरका वर चढतो आणि टोकावरून सरळ खाली येतो. ती चढणारी रेघ म्हणजे शेंडी, आणि काही जणांची एवढी लांब की आकड्याच्या निम्म्या उंचीपासून निघते. मॉडेलच्या डोक्यात डावीकडे वर काहीतरी शाई दिसली की सात, एवढंच बसलेलं, त्याची चूक नाही, त्याने शेंडी बघितलीच नव्हती. म्हणूनच तिकडचे लोक साताच्या कमरेला आडवा पट्टा मारतात, नाहीतर त्यांचं त्यांनाच वाचता येणार नाही.

पुन्हा ट्रेनिंग करायला डेटा नाही, म्हणून ठरवलं की मॉडेलने एक किंवा सात म्हटलं की पुढचा निकाल मोजमाप करून लावायचा. पहिला विचार सोपा होता. साताचा वरचा दांडा आडवा असतो, एकाची शेंडी खाली उतरते. मग आकड्याच्या वरच्या दोन तृतीयांश भागातला सगळ्यात डावा शाईचा पिक्सेल पकडायचा आणि तो शेंड्यापासून किती खाली आहे ते मोजायचं, उंचीने भागायचं. आकडा २० पिक्सेल उंच करून घेतलेला असतो, म्हणजे ९ पिक्सेल खाली असेल तर उतार 0.45, एक. १ पिक्सेल असेल तर 0.05, सात. सीमा 0.25 ठेवली. नुसती काठीवाले एक रुंदीवरूनच आधी बाजूला काढतो (६ पिक्सेल किंवा कमी), ते इथे येतच नाहीत.

चालवलं तर एक बरेचसे सुधारले, पण तीन जणांचे सगळेच्या सगळे नऊ सात आता एक झाले! आणि गंमत म्हणजे हे पट्टेवाले सात, जे माणसाला लांबूनही ओळखता येतात. अर्धा तास कोड उलटसुलट केला, मग सरळ प्रत्येक चित्रावर पकडलेला पिक्सेल लाल ठिपक्याने दाखवला आणि लगेच कळलं. ठिपका वरच्या दांड्यावर नव्हताच, तो पट्ट्याच्या डाव्या टोकावर बसलेला. या तिघांचा पट्टा एवढा ऐसपैस की वरच्या दांड्याच्याही बाहेर जातो, आणि पट्टा निम्म्या उंचीवर, म्हणजे उतार 0.5. जी रेघ सात ओळखू यावा म्हणून मारलेली तिनेच घात केला 😅

मग वेगळ्या बाजूने विचार केला. वरून पाऊस पडतोय समजा, प्रत्येक उभ्या रांगेत थेंब पहिल्यांदा शाईला कुठे लागेल तेवढंच बघायचं. साताचा पट्टा बहुतेक दांड्याखाली झाकला जातो, भिजतच नाही. एकाची शेंडी मात्र पूर्ण भिजते. शेंड्यापासून सुरू करून डावीकडे एकेक रांग सरकायचं, आणि जिथे उंची एकदम ४ पिक्सेलपेक्षा जास्त घसरली तिथे थांबायचं, कारण ती घसरण म्हणजे दांडा संपून पट्ट्याचं टोक लागलं.

```python
ink = img > 0.5
cols = np.where(ink.any(axis=0))[0]
top = ink.argmax(axis=0)
c = cols[top[cols] == top[cols].min()].max()
y0 = y = top[c]
while c > cols[0] and abs(top[c-1] - y) <= 4:
    c -= 1
    y = top[c]
drop = (y - y0) / 20
```

`argmax` खरं-खोटंवर चालवला की पहिला खरा मिळतो, म्हणजे वरून पहिली शाई. शेंडा घेताना सगळ्यात उजवा घेतलाय (शेवटचं `.max()`), कारण साताचा दांडा सपाट असला तर सगळ्यात वरचे पिक्सेल दहाबारा असतात आणि आपल्याला कोपऱ्यापासून चालायचंय. एक अट आहे, आकडा सलग पाहिजे, स्कॅनमध्ये रेघ तुटली आणि मधली रांग कोरी राहिली तर `top` शून्य येतं आणि गणित चुकतं. काही जण साताच्या दांड्याला डावीकडे छोटा लोंबता शेपूट देतात, त्याची काळजी होती, पण वरून बघितल्यावर त्याची फक्त बाहेरची कड दिसते, त्यामुळे उतार जेमतेम 0.1 पर्यंत जातो.

आता ६३ पैकी फक्त दोन चुकतात, आणि दोन्ही एकाच माणसाचे. हा गडी पट्टा मारत नाही आणि त्याची शेंडी पण आळशी, जवळपास आडवी. त्याचे चार एक 0.2, 0.2, 0.25, 0.3 आणि तीन सात 0, 0.05, 0.05. सीमा 0.25 असल्यामुळे पहिले दोन एक सात ठरले. पण हे आकडे ओळीने लावून बघा ना, त्याचं स्वतःचं अंतर स्पष्ट आहे, 0.05 नंतर थेट 0.2. म्हणजे सीमा सगळ्यांसाठी एकच ठेवणं हाच मूर्खपणा होता. आता एका माणसाचे सगळे उतार लहान-मोठे लावतो, सगळ्यात मोठी फट शोधतो आणि सीमा तिच्या मध्ये टाकतो, त्याच्यासाठी 0.125. दोन्ही सुटले. जुने हस्तलिखित कागद वाचणारे पण बहुधा हेच करत असणार, आधी त्याच पानावरचा खात्रीचा सात शोधायचा, मग संशयित त्याच्या शेजारी ठेवायचा.

यातला धोका असा की पानावर सात नसतील, नुसते एक असतील तरी कुठेतरी फट सापडतेच आणि अर्धे एक सात होऊन बसतात. म्हणून दोन्ही आकडे नक्की आहेत असं माहीत असेल तरच ही युक्ती, नाहीतर आपली 0.25. माझ्याकडे पिनकोड आधीच माहीत होते त्यामुळे चाललं, अनोळखी कागदावर काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. बहिणीला सांगितलंय की आता त्याच नऊ जणांकडून फक्त फोन नंबरसारखे उगाच आकडे लिहून आण, आणि त्या आळशी शेंडीवाल्याकडून डबल. ती म्हणतेय त्याला कारण काय सांगू 😂