अटी-शर्तींचं पान तपासताना: ‘सदर रक्कम’ म्हणजे नेमकी कुठली?

प्रूफं तपासायचं काम मी बरीच वर्षं करतेय, पण जास्त करून दिवाळी अंक, स्मरणिका, पाठ्यपुस्तकं असलं. ऑनलाइन सर्व्हिसच्या अटी आणि शर्ती पहिल्यांदाच हातात आल्या. पुण्यात महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर घरगुती डबा पोचवणाऱ्या एका दादा-वहिनींचं अ‍ॅप आहे, त्याचं हे मराठी पान. दादा म्हणाले, "ताई, शुद्धलेखन बघून द्या फक्त, बाकी सगळं बरोबर आहे." शुद्धलेखन खरंच बरं होतं, चार-पाच वेलांट्या सोडल्या तर काही नव्हतं. पण अर्थ लावायला बसले तर लागेचना, म्हणून त्यांना फोन करून सांगितलं की हे नुसतं शुद्धलेखनाचं काम नाहीये.

असं पान वरून खाली सलग वाचलं तर विसंगती सापडत नाही हे लगेच लक्षात आलं, कारण चौथ्या कलमात काय वाचलं ते अकराव्यापर्यंत डोक्यात राहत नाही आणि प्रत्येक वाक्य सुटं सुटं ठीकच वाटतं. म्हणून मी विषयाप्रमाणे वाक्यं वेगळी काढली. फाईलमध्ये ‘परत’ सर्च करायचं आणि जिथे जिथे येईल ते अख्खं वाक्य कलमाच्या नंबरासकट एका कागदावर उतरवायचं, मग ‘रद्द’, मग ‘बंद’, मग ‘दिवस’, ‘तास’, ‘रक्कम’. पैसे परत मिळण्याबद्दलची तीन वाक्यं अशी एकाखाली एक आली:

कलम 4: आपण सेवा बंद केल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील.
कलम 10: डब्याची अनामत रक्कम 300 रुपये असून डबा परत केल्यावर ती परत मिळेल.
कलम 11: सदर रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाही.

एकत्र वाचलं की सरळ भांडण दिसतं. 4 म्हणतं पैसे मिळतील, 11 म्हणतं कोणत्याही परिस्थितीत नाही. आणि 10 नंतर लगेच 11 आलं की ‘सदर रक्कम’ म्हणजे ते 300 रुपयेच वाटतात, म्हणजे अनामत परत मिळेल म्हटल्यावर पुढच्याच ओळीत मिळणार नाही! फोनवर बसणारी मुलगी तर ‘सदर रक्कम’ म्हणजे महिन्याचे भरलेले पैसे असं समजून गिऱ्हाइकांना सांगत होती. तिचंही काही चुकत नव्हतं, वाक्यच तसं होतं.

इथे मी काहीच दुरुस्त केलं नाही. प्रूफ बघणाऱ्याने यातलं एक वाक्य स्वतःच्या मनाने खरं धरून दुसरं बदललं तर तो धंद्याचा निर्णय झाला, आणि तो आपला नाही. मी दादांना प्रश्न लिहून पाठवले, प्रत्येकासोबत दोन्ही अर्थ दिले आणि यातला कुठला तेवढंच विचारलं. ‘कलम 4 आणि 11 स्पष्ट करा’ असं मोघम विचारलं असतं तर ‘ते बरोबर आहे’ एवढंच उत्तर आलं असतं, कारण लिहिणाऱ्याच्या मनात एकच अर्थ असतो, दुसरा त्याला दिसतच नाही.

उत्तरं आली आणि सगळा उलगडा झाला. कलम 4 दादांनी स्वतः लिहिलेलं, आणि त्यातलं ‘आपण’ म्हणजे ते आणि वहिनी! म्हणजे गावाला जायचं असलं, स्वयंपाकघर बंद ठेवलं, तर राहिलेल्या दिवसांचे पैसे आम्ही परत देऊ असं त्यांना म्हणायचं होतं. वाचणारा मात्र ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’ असंच घेणार. अकराव्याची गोष्ट वेगळी होती. मूळ मजकुरात त्याच्या आधी 200 रुपये नोंदणी फीचं कलम होतं आणि ‘सदर रक्कम’ म्हणजे ती फी. नंतर स्टीलचे डबे सुरू झाले तेव्हा अनामतीचं कलम मधे घुसवलं आणि ‘सदर’ आपसूक दुसऱ्याच रकमेकडे बोट दाखवायला लागलं. म्हणजे दादांच्या मनात विसंगती एकही नव्हती. जे भांडण दिसत होतं ते सगळं ‘आपण’ कोण आणि ‘सदर’ काय एवढ्यावरून होतं.

आणि हे सुटल्यावर खरा घोळ वर आला. गिऱ्हाइकाने स्वतः महिन्याच्या मधे डबा बंद केला तर काय, याबद्दल अख्ख्या पानावर एक शब्द नव्हता. सगळ्यात जास्त फोन याच्यासाठीच येतात असं वहिनींनी सांगितलं, आणि इतके दिवस 4 आणि 11 या दोघांतलं ज्याला जे सोयीचं ते तो वाचत होता. दादा-वहिनींनी बसून ठरवलं की उरलेले पैसे द्यायचे. पण कसे मोजायचे? महिना म्हणजे 30 दिवस, रविवार सुट्टी, म्हणून 26 डबे, त्याचे 3,120 रुपये, म्हणजे डबा 120 रुपयांना. समजा सोमवारी सुरू केलं आणि बाराव्या दिवशीचा डबा घेऊन बंद केलं, तर मधला एक रविवार सोडून 11 डबे झाले, उरले 15, म्हणजे 1,800 रुपये. पण ‘उरलेल्या दिवसांचे’ म्हटलं तर उरले 18 दिवस, दिवसाचे 104 धरले तर 1,872 होतात. 72 रुपयांचा फरक, आणि रक्कम मोठी नसली तरी त्यावरून वाद होणारच. म्हणून ‘दिवस’ काढून ‘डबे’ घातलं आणि एका डब्याची किंमत तिथेच लिहिली. शेवटी मजकूर असा झाला:

‘ग्राहकाने महिना पूर्ण होण्याआधी डबा बंद केला, तर न पोचवलेल्या प्रत्येक डब्याचे 120 रुपये ग्राहकाला परत मिळतील. डब्याची अनामत 300 रुपये डबा परत केल्यावर मिळेल. नोंदणी फी 200 रुपये परत मिळणार नाही.’

‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द मी काढायला सुचवले. ते असले की पानावरच्या दुसऱ्या प्रत्येक सवलतीशी त्यांची टक्कर होते. आणि ठेवायचेच असतील तर लगेच पुढे कुठला अपवाद सोडून ते लिहावं लागतं.

मग सर्वनामांची वेगळी फेरी केली. प्रिंट काढून प्रत्येक ‘तो, ती, ते, त्याची, आपण, आपल्या, सदर, वरील’ला गोल केला आणि ज्या नामाबद्दल तो शब्द आहे तिथपर्यंत बाण काढला. बाण दोन ठिकाणी जाऊ शकला की खूण. सगळ्यात वाईट वाक्य डिलिव्हरीचं निघालं: ‘डिलिव्हरी पार्टनरने ग्राहकाला फोन केल्यावर तो उपलब्ध नसल्यास त्याची जबाबदारी त्याच्यावर राहील.’ पहिला ‘तो’ ग्राहक असेल, पण ‘त्याची’ म्हणजे डब्याची का उपलब्ध नसण्याची, आणि शेवटचा ‘त्याच्यावर’ ग्राहक का पार्टनर? डबा गेटवर ठेवून तो मुलगा निघून गेला आणि डबा गायब झाला तर 120 रुपये कोणाचे गेले हे या वाक्यावरून ठरत नाही. इथे सर्वनाम बदलून भागत नाही, नामच परत लिहावं लागतं: ‘पार्टनरने फोन केल्यानंतर 10 मिनिटांत ग्राहकाने डबा घेतला नाही, तर त्या डब्याचे पैसे ग्राहकाला परत मिळणार नाहीत.’ ग्राहक, ग्राहक असं दोनदा आलं की कानाला खटकतं, निबंधात मी ते काढलं असतं, पण अटींमध्ये तेच हवं. (10 मिनिटं हा आकडा अर्थात वहिनींनी दिला, मी नाही.)

‘आपण’चं तर वेगळंच आहे. ‘आपण कराल’ म्हटलं की तुम्ही, ‘आपण करू’ म्हटलं की आम्ही-तुम्ही मिळून, इथे क्रियापद सांभाळून घेतं. पण अटींमध्ये वाक्यं ‘केल्यास’, ‘दिलेला’, ‘घेणार नाही’ अशी असतात आणि तिथे क्रियापदावरून काहीच कळत नाही. ‘आपण दिलेला पत्ता बदलल्यास आपण जबाबदारी घेणार नाही’ हे वाक्य कोण कोणाला बोलतंय? म्हणून पूर्ण पानावर सेवा देणारे ‘आम्ही’ आणि घेणारा ‘ग्राहक’ एवढंच ठेवायचं ठरवलं, आणि सुरुवातीलाच आम्ही म्हणजे कोण ते लिहिलं.

पण फाइंड-रिप्लेस करून सगळीकडे एकदम बदलू नका प्लीज. ‘ग्राहकाने आपल्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगावा’ यातलं ‘आपल्या’ म्हणजे स्वतःच्या, ते अगदी बरोबर आहे, तिथे ‘आमच्या’ आलं तर अनर्थच. एकेक बघूनच बदलावं लागतं.

वेळेचं पटकन सुटलं. एका कलमात ‘आदल्या दिवशी रात्री 8 पर्यंत कळवावे’ आणि दुसऱ्यात ‘24 तास आधी’. दुपारी 1 च्या डब्यासाठी 24 तास आधी म्हणजे आदल्या दिवशी दुपारचा 1, म्हणजे मधले 7 तास कोणाचे? भाजी रात्री 8 नंतर आणतात म्हणून 8 ठेवलं, दुसरं उडवलं.

यानंतर पान त्यांच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलं, आणि ते जायलाच हवं होतं, कारण वाक्याचा अर्थ एकच निघतो का एवढंच मी सांगू शकते, ती अट कायद्यात बसते का हे नाही. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, करारातलं वाक्य संदिग्ध असेल तर ते ज्याने लिहिलं त्याच्या विरुद्ध वाचायची पद्धत आहे, म्हणजे ‘सदर रक्कम’चा फायदा दादांना नाही, गिऱ्हाइकालाच मिळाला असता. दुसरं, तक्रारीला ‘7 दिवसांत उत्तर देऊ’ असं लिहिलं होतं, पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची असते आणि निवारण महिन्याच्या आत. ‘उत्तर’ म्हणजे पोच की निवारण हेच त्या वाक्यात कळत नव्हतं, म्हणून दोन वेगळी वाक्यं केली.

शेवटी नवीन मजकूर फोनवाल्या मुलीला आणि माझ्या शेजारच्या काकूंना वेगवेगळा वाचायला दिला आणि एकच विचारलं, सोमवारी सुरू करून बाराव्या दिवशी बंद केलं आणि डबा परत दिला तर हातात किती येणार? दोघींनी 1,800 अधिक 300 म्हणजे 2,100 सांगितले. डबा गेटवरून गेला तर पैसे कोणाचे, यालाही दोघींचं उत्तर एकच.

एक काम अजून बाकी आहे. शेवटच्या कलमात ‘मराठी व इंग्रजी मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य धरला जाईल’ असं आहे, आणि इंग्रजी पानावर अजून ते जुनंच ‘सदर रक्कम’ बसलंय. म्हणजे मराठी कितीही नीट केलं तरी वादाच्या वेळी जुनाच अर्थ पुढे येणार. ते पान बदलेपर्यंत मराठी पान अपलोड करू नका असं मी दादांना सांगितलंय.